साठीनंतर पहिल्यांदाच व्यायाम: ठिसूळ हाडांना वजनाची सवय कशी लावायची

प्रश्न: आई ६६ वर्षांची, वजन ४८ किलो. यवतमाळ जिल्ह्यात आमचं गाव. गेल्या दिवाळीत न्हाणीत पाय घसरला अन् उजवं मनगट मोडलं. प्लास्टर निघून चार महिने होत आले. हाडांची घनता मोजणाऱ्या डेक्सा तपासणीत कण्याचा टी-स्कोअर उणे २.७ अन् खुब्याचा उणे २.१ आला. डॉक्टरांनी आठवड्याला एक गोळी अन् कॅल्शियम दिलं, व्यायाम करा म्हणाले. कोणता ते सांगितलं नाही. बीपीची गोळी चालू आहे, गुडघे दुखतात, खुर्चीवरून हाताच्या आधाराशिवाय उठता येत नाही. आई म्हणते, जन्मभर निंदण-वेचणी केली, आता कायचा व्यायाम! इथं जिम नाही. घरीच काय करावं, किती करावं, अन् व्यायामानंच हाड मोडायची भीती किती?

उत्तर:

व्यायाम सुरू करायच्या आधी पाठीच्या कण्याचा, बाजूने घेतलेला एक एक्स-रे काढून घ्या. उभ्या उंचीवरून पडून मनगट मोडलं आणि टी-स्कोअर, म्हणजे तरुण हाडाच्या तुलनेत घनता सांगणारा आकडा, उणे २.५ च्या खाली आहे, म्हणजे हाडं ठिसूळ झाली आहेत हे नक्की. अशा माणसाच्या पाठीतला एखादा मणका आधीच चेपलेला असू शकतो, आणि तो चेपला तेव्हा कळलेलंही नसतं. 'कंबर भरली' म्हणून दोन-तीन आठवडे तेल चोळून काढलेलं दुखणं पुष्कळदा तेच असतं. घरच्या घरी अंदाज घ्यायचा तर आईंना टाचा आणि पाठ भिंतीला टेकवून सरळ समोर बघत उभं करा. डोक्याची मागची बाजू सहज भिंतीला लागली तर बरं. डोकं भिंतीपासून चार बोटं लांब राहत असेल, किंवा तरुणपणापेक्षा उंची दीड-दोन इंचांनी घटली असेल, तर एक्स-रेला उशीर करू नका. मणका चेपलेला निघाला तरी व्यायाम सोडायचा नसतो. पण मग पुढे सांगितलेलं वजन उचलणं आणि टाचा आपटणं फिजिओथेरपिस्टने समोर बघितल्याशिवाय करायचं नाही. बाकीचं करता येतं.

तुमच्या भागात आणखी दोन गोष्टी विचारल्याशिवाय मी पुढे जात नाही. पहिली पाण्याची. यवतमाळ आणि चंद्रपूर जिल्ह्यांतल्या काही गावांच्या बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे. वर्षानुवर्षं ते पाणी पोटात गेलं की हाड एक्स-रेत दाट आणि डेक्सात चांगलं दिसतं, पण आतून ते कडक आणि ठिसूळ असतं. मान-कंबर आखडते, सांधे पुरते वाकत नाहीत. गावात तसे रुग्ण असतील तर डॉक्टरांना हे सांगाच, कारण मग डेक्साचा आकडा जसाच्या तसा धरता येत नाही. दुसरी गोष्ट गुडघ्यांच्या गोळ्यांची. बाजाराच्या दिवशी पुडीत मिळणाऱ्या, नाव-गाव नसलेल्या 'सांधेदुखीच्या गोळ्या' आई घेत असतील तर त्यात स्टेरॉइड असण्याची शक्यता बरीच आहे. दुखणं लगेच थांबतं ते त्यामुळेच, आणि हाड पोखरतं तेही त्यामुळेच. बरेच महिने चाललेल्या अशा गोळ्या अचानक बंद करणंही धोक्याचं असतं. पुडी डॉक्टरांना दाखवा आणि त्यांच्या सांगण्याप्रमाणे हळूहळू कमी करा.

आता आईंच्या म्हणण्याकडे येते. त्यांनी आयुष्यभर कष्ट केले, त्या कष्टांनी त्यांना दमसास दिला, हे खरंच आहे. पण रोजच्यापेक्षा जास्त भार पडला तरच हाड आणि स्नायू भक्कम होतात. कमरेला ओटी बांधून दिवसभर कापूस वेचणं म्हणजे तीच हलकी हालचाल हजारदा करणं. शरीराला तिची सवय होऊन जाते, मग त्यातून नवी ताकद येत नाही. त्यात हे सगळं काम पाठ पुढे वाकवून केलेलं. पाळी गेल्यावर शरीरातलं इस्ट्रोजेन घटतं आणि पुढची काही वर्षं हाडाची झीज वेगाने होते. निंदण-वेचणी ती झीज थांबवू शकत नाही. आज त्यांना हाताशिवाय खुर्चीवरून उठता येत नाही, याचा अर्थ मांड्यांची ताकद इतकी उतरली आहे की स्वतःचं ४८ किलो वजनही पेलवत नाही. न्हाणीत पाय घसरला तेव्हा तोल सावरायला हीच ताकद कमी पडली असणार.

वय झालं म्हणून ही ताकद परत येत नाही, असंही नाही. अमेरिकेत १९९० साली एका वृद्धाश्रमातल्या नव्वदीच्या आसपासच्या दहा जणांना आठ आठवडे पायांनी वजन उचलायला लावलं होतं. त्यांची मांडीची ताकद दुपटीहून जास्त वाढली.

देवळापर्यंतचं चालणं सुरू राहू द्या, बीपीला आणि मनाला ते चांगलंच आहे. पण 'रोज चाला' एवढ्यावर ठिसूळ हाडांचा इलाज होत नाही. चालण्याने कण्याच्या हाडात फारसा फरक पडत नाही, आणि ज्यांचा तोल कच्चा आहे त्यांचं पडणं नुसत्या चालण्याने कमी होत नाही. त्यासाठी तीन वेगळी कामं लागतात: पायांत ताकद आणायची, पाठ सरळ ठेवून वाकायला आणि वजन उचलायला शिकायचं, आणि तोलाचा सराव करायचा. पहिली दोन कामं आठवड्यातून तीनदा, मध्ये एक दिवस सोडून. तोल रोज.

पहिलं काम खुर्चीचं. हात छातीशी धरून ३० सेकंदांत किती वेळा पूर्ण उठून बसता येतं, ते मोजायची एक जुनी चाचणी आहे. ६५ ते ६९ वयाच्या बाईला ११ पेक्षा कमी जमलं तर पाय कमजोर आणि पडण्याचा धोका जास्त, असं धरतात. तुमच्या आईंचा आकडा आज शून्य आहे. तो वहीत तारीख घालून लिहून ठेवा, कारण डेक्साच्या कितीतरी आधी हाच आकडा हलताना दिसेल.

खुर्ची लाकडी किंवा लोखंडी घ्या आणि भिंतीला टेकवून ठेवा. फरशीवर सरकणारी प्लास्टिकची खुर्ची नको, आणि बाजेवरून तर उठूच नका, कारण ती खाली दबते आणि तिथून उठायला दुप्पट जोर लागतो. खुर्चीवर गोधडीची घट्ट घडी सुतळीने बांधून बैठक इतकी उंच करा, की आईंना हात न लावता जेमतेम उठता येईल. बहुतेकींना दोन घड्या लागतात. दोन पायांत कमरेइतकं अंतर, टाचा जमिनीला घट्ट, पावलं गुडघ्यांच्या किंचित मागे. पाठ सरळ ठेवून छाती पुढे न्यायची आणि मग उठायचं. बसताना धपकन टेकायचं नाही; तीन आकडे म्हणत हळू खाली यायचं. ताकद येण्यात या हळू उतरण्याचा वाटा फार मोठा आहे आणि घाईत सगळ्यात आधी तेच गळतं. आकडे मोठ्याने म्हणायला लावा. मोठ्याने मोजणाऱ्याचा श्वास कोंडत नाही, आणि बीपी असलेल्या माणसाने जोर लावताना श्वास कोंडणं टाळायलाच हवं.

सात-आठ वेळा उठबस झाली की दोन मिनिटं विश्रांती, असं तीन वेळा. किती जड असावं याचं माप सोपं आहे. शेवटच्या उठण्यानंतर विचारा, 'अजून किती जमले असते?' उत्तर 'दोन-तीन' असेल तर भार बरोबर आहे. 'अजून दहा झाले असते' म्हणाल्या तर काम हलकं आहे आणि त्याने काही होणार नाही. 'एकही नाही' म्हणाल्या तर जास्त झालं. तिन्ही फेऱ्यांत दहा-दहा होऊ लागले, आणि असं लागोपाठ दोन दिवस झालं, की एक घडी काढा.

तुमच्या आईंच्या बाबतीत मी असा हिशोब धरते: पहिले दोन-तीन आठवडे दोन घड्या, मग एक, आणि साधारण सहाव्या-सातव्या आठवड्यात साधी खुर्ची. साध्या खुर्चीवर दहाच्या तीन फेऱ्या झाल्या की बरेच लोक तिथेच थांबतात, 'जमलं' म्हणून. ताकदीचा प्रवास खरं तर तिथून पुढे आहे. कापडी पिशवीत २ किलो ज्वारी भरून तोंड शिवून टाका आणि ती दोन्ही हातांनी छातीशी कवटाळून उठबस करा. परत आठ-आठपासून सुरुवात. दहा-दहा झाले की अर्धा किलो वाढवा. किराणा दुकानातल्या काट्यावर नेमकं माप मिळतं. सहा महिन्यांनी पिशवी ६ ते ८ किलोंवर गेली असेल तर चाल चांगली आहे. गुडघे जास्त कुरकुरले तर उशीर होईल, त्याने बिघडत नाही.

त्याच दिवशी, खुर्चीनंतर, दाराची चौकट धरून टाचा उचलायच्या: दोन आकड्यांत वर, तीनमध्ये खाली, दहाच्या दोन फेऱ्या. मग भिंतीपासून हातभर लांब उभं राहून तळवे भिंतीला टेकवायचे आणि कोपर वाकवत छाती भिंतीकडे न्यायची, आणायची. याने मोडलेल्या मनगटावर मोजका भार येतो आणि तोच त्याला हवा आहे. तळवा मागे पुरता वळत नसेल तर पहिले काही आठवडे मूठ टेकवून करा. मनगट सुजलेलं, लाल किंवा स्पर्श सहन न होणारं असेल तर मात्र आधी डॉक्टरांना दाखवा.

दुसऱ्या कामावर, म्हणजे वाकण्यावर, मी जास्त वेळ घालवते, कारण ठिसूळ कण्याला सगळ्यात मोठा धोका तिथेच आहे. मणक्याचा पुढचा भाग आधी पोकळ होतो आणि पाठ गोल करून वाकलं की सगळा दाब नेमका त्याच भागावर येतो. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकचा १९८४ सालचा एक अभ्यास आहे. कणा ठिसूळ झालेल्या बायकांचे त्यात गट होते. पाठ पुढे वाकवण्याचे व्यायाम दिलेल्या गटात पुढे ८९ टक्के जणींचे मणके नव्याने चेपले. पाठ मागे ताणण्याचे व्यायाम दिलेल्या गटात हे प्रमाण १६ टक्के होतं. गट लहान होते, तरी फरक इतका मोठा आहे की आम्ही सगळे तो ध्यानात ठेवूनच व्यायाम देतो. म्हणून आईंनी पायाचे अंगठे धरायला वाकणं, पश्चिमोत्तानासन, हलासन आणि पाठीवर झोपून उठण्याच्या बैठका करू नयेत. गावातल्या योगवर्गाला जात असतील तर तिथल्या ताई-दादांना हे आधी सांगा. ताडासन चालतं.

वाकायचं कसं, ते काठीने शिकवता येतं. कमरेइतक्या लांबीची सरळ काठी पाठीवर उभी धरा. ती डोक्याच्या मागे, दोन्ही खांद्यांच्या मध्ये आणि माकडहाडाला अशी तीन ठिकाणी टेकली पाहिजे. काठी आईंना मागे हात करून धरायला लावू नका, तुम्हीच धरा. गुडघे थोडे सैल सोडून आईंनी ढुंगण मागे न्यायचं, जणू मागच्या ओट्यावर टेकायचं आहे, आणि छाती आपोआप पुढे येऊ द्यायची. काठी तिन्ही ठिकाणी चिकटून राहिली तर वाकणं खुब्यातून झालं. डोक्यापासून किंवा माकडहाडापासून सुटली तर पाठ गोल झाली. जिथे सुटते त्याच्या थोडं आधी थांबायचं. सुरुवातीला ते वाकणं अगदी थोडंच असेल. दोन-तीन आठवडे रिकाम्या हातांनी, दहाच्या दोन फेऱ्या. नीट जमलं की गुडघ्याच्या उंचीच्या स्टुलावर ३ किलोची पिशवी ठेवून ती दोन्ही हातांनी उचलायची, सरळ उभं राहायचं, परत ठेवायची. वजन वाढवायचा नियम खुर्चीसारखाच. सहा महिन्यांत १० किलोपर्यंत जाता येतं, पण काठीची परीक्षा दर आठवड्याला परत घ्या. वजन वाढलं की पाठ गोल होते आणि करणाऱ्याला ते कळत नाही, बाजूने बघणाऱ्यालाच दिसतं.

हेच वाकणं मग घरकामात उतरलं पाहिजे, नाहीतर आठवड्यातून तीन दिवस नीट आणि बाकी दिवसभर चुकीचं होतं. पाण्याचा गुंड कमरेवर नेण्याऐवजी दोन हातांत दोन अर्ध्या बादल्या. झाडू उभ्याने मारता येईल असा लांब दांड्याचा. गंजं जमिनीवर मांडून घासण्याऐवजी ओट्यावर. निंदणाला जायचंच असेल तर कमरेतून वाकून नको, बसून करा.

पाठीच्या स्नायूंसाठी एक साधी गोष्ट पुरे: भिंतीला पाठ लावून उभं राहायचं, कोपरं वाकवून भिंतीत मागे दाबायची, छाती वर, हनुवटी आत, पाच आकडे धरायचं. दहा वेळा. हे रोज केलं तरी चालतं.

तोलाचा सराव खोलीच्या कोपऱ्यात करा, म्हणजे मागे आणि बाजूला भिंत राहील. पुढे खुर्ची ठेवा. पायऱ्या चार आहेत. आधी दोन्ही पावलं जोडून उभं राहणं. मग एक पाऊल अर्धं पुढे. मग एका पावलाची टाच दुसऱ्याच्या अंगठ्याला लावून, एका रेषेत. शेवटी एका पायावर. प्रत्येक पायरी हात न लावता १० सेकंद जमली पाहिजे. तिसरी पायरी १० सेकंद जमत नसेल तर पडण्याचा धोका जास्त धरतात, आणि माझ्या अंदाजाने आई आज तिथेच अडतील. सराव त्या पायरीवर करायचा जिथे थोडं डगमगतं. अजिबात डगमगत नाही तिथे शरीर काही शिकत नाही. एखादी पायरी ३० सेकंद सहज जमली की तीच पायरी डोकं डावी-उजवीकडे वळवत, मग हातात पाण्याचा तांब्या धरून करा. रोज दहा मिनिटं, सकाळी पाच आणि संध्याकाळी पाच चालतील. तीन महिन्यांनंतर ओट्याच्या कडेने बाजूबाजूने चालणं, उंबरठा मुद्दाम ओलांडणं, आणि पुढे कोणी सोबत असताना शेताच्या कोरड्या धुऱ्यावर चालणं. पावसाळ्यात काळ्या मातीच्या चिखलात हा सराव नको.

शंभरहून अधिक चाचण्या एकत्र करून २०१९ साली काढलेला निष्कर्ष असा आहे, की व्यायामाने म्हाताऱ्या माणसांचं पडणं सुमारे चौथ्या हिश्श्याने कमी होतं, आणि त्यात तोल आणि उठबशीचा व्यायाम मुख्य असतो. हाडाची घनता वाढायला वर्ष लागतं; पडणं त्याच्या फार आधी कमी होऊ लागतं. खुब्याचं हाड बहुतेक वेळा पडूनच मोडतं, म्हणून मी तोलाला हाडाचाच इलाज मानते. व्यायामासोबत न्हाणीत खरबरीत फरशी किंवा रबरी पट्टी टाका, हात धरायला भिंतीत लोखंडी दांडा बसवा, आणि रात्री संडासला जायच्या वाटेवर दिवा लावा. बीपीच्या गोळीमुळे उठल्याबरोबर चक्कर येऊ शकते. आईंनी बिछान्यावर मिनिटभर बसून, घोटे दहा-वीसदा हलवून मगच उभं राहायचं.

टाचा आपटण्याबद्दल वर म्हणाले ते असं. हाडाला झटक्याचा भारही लागतो. तीन महिने सगळं नीट चाललं आणि एक्स-रे स्वच्छ असला, तर टाचा उचलून झाल्यावर शेवटच्या दहा वेळा हळू न येता टाचा जमिनीवर सोडून द्यायच्या, आवाज येईल इतक्या. चौकट धरूनच. गुडघा दुखला तर हे सोडून द्या, बाकीचं चालू ठेवा.

आता भीतीबद्दल. बेताने वाढवलेल्या वजनाने, सरळ पाठीने केलेल्या व्यायामात हाड मोडण्याची शक्यता कमी आहे; काहीच न करता बसून राहण्यात ती जास्त आहे. तरी कोणतं दुखणं चालतं आणि कोणतं नाही, हे वेगळं ओळखता आलं पाहिजे. मांड्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दुखल्या तर ते नव्या कामाचं दुखणं आहे, आपोआप जातं. गुडघ्याला करताना दहापैकी तीन-चार एवढं दुखलं आणि दुसऱ्या सकाळपर्यंत पहिल्यासारखं झालं, तर चालू ठेवा. दुसऱ्या सकाळी जास्त दुखत असेल किंवा सूज आली, तर एक घडी परत चढवा, वजन मागच्या पायरीवर आणा, पण बंद करू नका. थांबायचं ते यासाठी: पाठीच्या मधोमध, एका ठिकाणी अचानक उठलेली कळ, जी उभं राहिल्यावर वाढते आणि आडवं झाल्यावर कमी होते. हा चेपलेला मणका असू शकतो. त्याच दिवशी व्यायाम थांबवून एक्स-रे काढा. जांघेत किंवा मांडीत वाढत जाणारं दुखणंही डॉक्टरांना लगेच दाखवा. खुब्याच्या हाडाला चीर गेली असू शकते, आणि आठवड्याची गोळी वर्षानुवर्षं चालली की क्वचित मांडीच्या हाडालाही जाते. छातीत दाब, घाम, डोळ्यांपुढे अंधारी आली तर थेट दवाखाना.

त्या आठवड्याच्या गोळीचा व्यायामाशी एक संबंध आहे. अलेंड्रोनेट असेल तर ती सकाळी अनशापोटी भरपूर साध्या पाण्यासोबत घ्यायची आणि नंतर अर्धा तास आडवं व्हायचं नाही, वाकायचंही नाही, नाहीतर अन्ननलिका भाजते. म्हणून त्या दिवशी व्यायाम संध्याकाळी ठेवा. व्यायाम जमू लागला म्हणून गोळी सोडायची नाही. आईंच्या आकड्यांना आणि झालेल्या फ्रॅक्चरला दोन्ही लागतात.

तुम्ही सुरुवात करताय ती ऐन उन्हाळ्यात. हे सगळं घरात होतं, म्हणून पुढे ढकलायचं कारण नाही, पण वेळ सकाळी सहा-साडेसहाची धरा. पारा ४५ च्या पुढे गेला आणि रात्रही तापलेली असली, तर वजन तेच ठेवून तीनऐवजी एक-दोन फेऱ्या करा. त्यामुळे मिळवलेली ताकद टिकते. बीपीच्या गोळ्यांत लघवी वाढवणारी गोळी असेल तर उन्हाळ्यात चक्कर येण्याचा धोका वाढतो. डॉक्टरांना विचारून घ्या.

जेवणात एकच गोष्ट नीट बघा. ४८ किलोच्या माणसाला स्नायू बांधायला दिवसाला साधारण ५० ते ५५ ग्रॅम प्रथिनं लागतात. भाकरी आणि पातळ वरण यावर ती निम्म्यालाही पोचत नाहीत, कारण पातळ वरणात डाळ थोडी आणि पाणीच जास्त. दोन भाकऱ्या, दोन वाट्या घट्ट डाळ, दोन पेले दूध आणि मूठभर भाजलेले चणे धरले तर हिशोब ४० ग्रॅमच्या आसपास जातो. त्यात दोन अंडी, किंवा अंडी चालत नसतील तर ३० ग्रॅम सोयाबीन वडी घातली की पुरतं. दोन पेले दुधातून साधारण ६०० मिलिग्रॅम कॅल्शियमही मिळतं. पाळी गेलेल्या बाईला दिवसाची गरज १२०० ची आहे, उरलेलं गोळीतून आणि जेवणातून. मूत्रपिंडाचा आजार असेल तर प्रथिनं डॉक्टरांना विचारूनच वाढवा. व्हिटॅमिन डीची ६०,००० युनिटची पुडी दिली असेल तर सांगितलेले आठवडे संपल्यावर थांबवा; ती महिनोन्‌महिने स्वतःच घेत राहिलं तर रक्तातलं कॅल्शियम धोकादायक वाढतं. आणि आई खर्रा किंवा तंबाखू खात असतील तर तेवढा व्यायाम वाया जातो असं समजा.

किती फायदा होईल, त्याचं प्रामाणिक उत्तर देते. ऑस्ट्रेलियातल्या, २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत ५८ च्या वरच्या, हाडं विरळ झालेल्या बायकांनी आठ महिने, आठवड्यातून दोनदा अर्धा तास, जड वजनं उचलली. त्यांच्या कण्याची घनता सुमारे ३ टक्क्यांनी वाढली. घरी हलका व्यायाम करणाऱ्यांची एक टक्क्याहून थोडी जास्त घटली. त्या चाचणीत प्रत्येक उचल प्रशिक्षकाच्या डोळ्यांसमोर झाली होती आणि वजनं मी सांगितली त्याहून खूप जड होती. घरी एकट्याने तितकं जड जाऊ नका. घरच्या या व्यायामाने घनता टिकली तरी मी ते यश मानेन. डेक्सा वर्ष-दीड वर्षाने, आणि त्याच मशीनवर करा. मशीन बदललं की दोन आकड्यांची तुलना करता येत नाही, आणि सहा महिन्यांत दिसणारा फरक बहुतेक मशीनच्या चुकीएवढाच असतो.

आठ आठवड्यांनी मात्र ३० सेकंदांची उठबस परत मोजा, साध्या खुर्चीवर, हात छातीशी. पाच-सहाच्या पुढे आकडा आला तर आहे तसंच पुढे चला. दोन-तीनवरच अडला असेल तर पहिल्यांदा वही बघा: आठवड्याचे तीन दिवस खरंच झाले का, आणि घडी काढायची वेळ आली तेव्हा काढली का. ते सगळं झालेलं असूनही आकडा हलत नसेल तर थायरॉइड, हिमोग्लोबिन आणि व्हिटॅमिन डी तपासून घ्या. या तीनपैकी काही कमी-जास्त असेल तर स्नायू कितीही सराव केला तरी वाढत नाही.